छत्रीवरच्या चॅनलांची यादी: लावणे, नावे बदलणे, लपवणे

सेट-टॉप बॉक्सचा सर्च पूर्ण झाला की पडद्यावर येणारी यादी सिग्नल ज्या ओळीने सापडले त्या ओळीने लागलेली असते. बॉक्सला मराठी-हिंदी कळत नाही, बातम्या आणि सिनेमे यांतला फरकही कळत नाही. म्हणून दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची छत्री गच्चीवर बसवली, सर्च मारला, की पहिल्या क्रमांकावर कुठले तरी भोजपुरी गाण्यांचे चॅनल येते आणि डीडी सह्याद्री कुठे तरी पन्नाशीच्या पुढे सापडते. मधल्या जागांवर शैक्षणिक चॅनलांची लांबलचक रांग, ‘TEST’ असे नाव असलेल्या दोनचार नोंदी आणि एकाच नावाची दोनदोन चॅनले असतात. घरातल्या ज्या माणसाला रिमोटवरचे आकडेच तेवढे ठाऊक आहेत, त्याच्या दृष्टीने अशी यादी म्हणजे बंद पडलेला टीव्हीच. ही यादी हाताने नीट लावता येते. अर्ध्यापाऊण तासाचे काम आहे, पण ते ठरावीक क्रमाने केले नाही तर पुन्हा पुन्हा करावे लागते.

सर्वांत आधी यादी कोणाची, हे पाहायला हवे. टीव्हीलाही स्वतःची चॅनल-यादी असते आणि बॉक्सलाही. छत्रीची तार बॉक्समध्ये आणि बॉक्सची एचडीएमआय किंवा लाल-पांढरी-पिवळी तार टीव्हीत अशी जोडणी असेल, तर टीव्हीच्या दृष्टीने बॉक्स हे केवळ एक इनपुट असते. अशा वेळी टीव्हीच्या रिमोटने सर्च लावला तर ‘चॅनल सापडले नाही’ असेच उत्तर येणार, कारण टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात काही लावलेलेच नाही. सगळे काम बॉक्सच्या रिमोटने, बॉक्सच्या मेनूत करायचे. टीव्हीच्या बाजूने करण्यासारखी एकच गोष्ट उरते: पुष्कळ टीव्हींमध्ये इनपुटचे नाव बदलता येते, तेव्हा ‘HDMI 1’ च्या जागी ‘Set-top box’ करून ठेवावे.

यादी अशी विस्कळीत का येते, हे कळले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. फ्री डिश २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ चॅनलांनिशी सुरू झाली. आता तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. हा उपग्रह २०१५ च्या नोव्हेंबरात सोडला गेला आणि तो ९३.५ अंश पूर्व या जागी आहे. उपग्रहावर ट्रान्सपाँडर नावाचे अनेक प्रक्षेपक असतात आणि प्रत्येकाची वारंवारता वेगळी असते. एका ट्रान्सपाँडरवर एकच चॅनल नसते. पंधरावीस चॅनले एकाच प्रवाहात गुंफून खाली पाठवली जातात. बॉक्स सर्च करतो म्हणजे एकेक ट्रान्सपाँडर घेतो, त्या प्रवाहाबरोबर आलेला तक्ता वाचतो आणि त्यात नोंदलेली चॅनले आपल्या यादीच्या शेवटी जोडत जातो. त्या तक्त्यात प्रत्येक चॅनलचा एक सेवा-क्रमांक आणि नाव असते, शिवाय ते टीव्ही आहे की रेडिओ हेही लिहिलेले असते. पडद्यावरचा क्रमांक हा बॉक्सने आपल्यापुरता दिलेला अनुक्रमांक असतो. शेजारच्या घरात सह्याद्री ५७ वर आणि आपल्याकडे ८३ वर, याचे कारण एवढेच, की दोन बॉक्सनी ट्रान्सपाँडर वेगवेगळ्या ओळीने तपासले.

एकच चॅनल दोनदा का येते, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याची दोन ठरलेली कारणे आहेत. पहिले असे. बाजारातल्या साध्या फ्री टू एअर बॉक्समध्ये कारखान्यातूनच उपग्रहांची एक यादी भरून येते. तीत GSAT 15 असते आणि कधी कधी त्याच जागी पूर्वी असलेला INSAT 4B देखील असतो. बॉक्सला आपली छत्री कोणत्या उपग्रहाकडे वळलेली आहे हे कळायची सोय नाही. तारेतून जो सिग्नल येतो तेवढाच त्याला दिसतो. त्यामुळे मेनूत दोन्ही उपग्रहांपुढे खूण राहिली असेल, तर एकच प्रवाह तो दोन नावांखाली दोनदा नोंदवतो. दुसरे कारण ब्लाइंड स्कॅन. साध्या सर्चमध्ये बॉक्स आधीच भरलेली वारंवारता वापरतो, उदाहरणार्थ ११०९० मेगाहर्ट्‌झ, उभे ध्रुवीकरण, सिंबॉल रेट २९५००. ब्लाइंड स्कॅनमध्ये तो स्वतः मोजत जातो आणि तोच ट्रान्सपाँडर त्याला ११०८९ किंवा ११०९१ वर सापडल्यासारखा वाटू शकतो. मोजण्यातला हा एका-दोन मेगाहर्ट्‌झचा फरक छत्रीवरच्या एलएनबीतून येतो. सिग्नल तोच, पण कमी दर्जाच्या बॉक्सच्या वहीत तो नवा ट्रान्सपाँडर ठरतो आणि त्यावरची सगळी चॅनले पुन्हा यादीत शिरतात. दुहेरी नोंदींपैकी एकीवर थांबून रिमोटचे Info बटण दाबले तर वारंवारता आणि उपग्रहाचे नाव दिसते, आणि दोहोंपैकी कोणते कारण आहे ते तिथेच समजते.

अशी दुहेरी यादी असेल तर एकेक नोंद पुसत बसण्यात अर्थ नाही. बॉक्सच्या मेनूत सर्व चॅनले पुसण्याची सोय असते, ती वापरावी, उपग्रहांच्या यादीत GSAT 15 सोडून बाकीच्यांच्या खुणा काढाव्यात आणि एकदाच, एकाच पद्धतीचा सर्च करावा. सर्चच्या पर्यायांत FTA Only असा एक असतो. तो निवडला तर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली चॅनले यादीत घेतलीच जात नाहीत. त्यातून पुढची निम्मी साफसफाई वाचते. FTA Only न निवडता केलेल्या सर्चमध्ये अशी चॅनले बहुधा नावापुढे डॉलरच्या चिन्हासह येतात. ती लावली की काळा पडदा दिसतो. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ चॅनल लावले तरीही काळाच पडदा दिसतो, कधी नुसता आवाज येतो. दोन्ही बाबतींत बॉक्स बिघडलेला नसतो. ती चॅनले त्याच्या आवाक्यातलीच नसतात, म्हणून यादीतून काढायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष यादी लावणे. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका घरात असा बॉक्स आहे आणि स्वच्छ सर्चनंतर त्यात १८० चॅनले आली आहेत. घरात आजी आहेत, त्यांना सह्याद्री आणि बातम्या लागतात. मुलगा सातवीत आहे. आणि रात्री सगळे मिळून सिनेमा पाहतात. सह्याद्री ५७ वर, डीडी न्यूज १२ वर, डीडी नॅशनल ९ वर आहे. या घराला हवी असलेली यादी म्हणजे १ सह्याद्री, २ डीडी नॅशनल, ३ डीडी न्यूज, त्यांच्यापुढे मराठी खासगी चॅनले, मग हिंदी सिनेमे, आणि बाकी सगळे खाली.

मेनूत Edit Channel किंवा Program Edit असे पान असते. ते उघडायला पासवर्ड विचारला जातो. बदललेला नसेल तर तो बहुतेक बॉक्समध्ये चार किंवा सहा शून्ये असा असतो. पानाच्या तळाशी रंगीत ठिपके दिसतात आणि त्यांच्याशेजारी Move, Skip, Lock, Delete, Rename, Sort अशी नावे. रिमोटवरची लाल, हिरवी, पिवळी, निळी बटणे ही त्या ठिपक्यांची. कोणता रंग कशाला हे बॉक्सगणिक बदलते, म्हणून रंग पाठ करू नयेत, तळाची ओळ वाचावी.

पहिले काम पुसण्याचे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक चॅनल पुसले की त्याच्या खालच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने वर सरकतात. आधी सह्याद्रीला एकदम नेमक्या जागी बसवून मग वरचे काही पुसले, तर सगळी मांडणी हलते. पुसण्याजोगी चॅनले तीन जातींची: डॉलरवाली, TEST नावाची, आणि ज्यांचा घराशी कधीच संबंध येणार नाही अशी. या तिसऱ्या जातीत मात्र हात आखडता घ्यावा. जीसॅट-१५ वर स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्या या मालिकांतली शैक्षणिक चॅनलेही आहेत. ई-विद्येत पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेला एक चॅनल दिलेले आहे. पडद्यावर ही नावे जवळजवळ एकसारखी दिसतात, फक्त शेवटचा आकडा वेगळा. घाईत बारा ओळींवर खुणा मारताना सातवीचे चॅनलही सहज निघून जाते. त्यातून बॉक्समधली अक्षरे बारीक आणि लांब नाव कापून दाखवलेले, म्हणजे वेगळेपणाचा आकडाच कधी पडद्याबाहेर राहतो. म्हणून खूण मारण्यापूर्वी प्रत्येक नावावर क्षणभर थांबून उजवीकडच्या छोट्या चौकटीतले चित्र पाहावे. खूण मारलेली चॅनले लगेच जात नाहीत. Exit दाबल्यावर जतन करायचे का असे बॉक्स विचारतो आणि होय म्हटल्यावरच ती पुसली जातात, तोवर खूण परत काढता येते.

जतन करण्याची ही पायरी आपल्याकडे विशेष जपावी लागते. मेनूतले बदल Exit नंतरच कायमच्या स्मृतीत लिहिले जातात. अर्धा तास चॅनले हलवत बसावे आणि मधेच वीज जावी, की सगळे पूर्वपदावर येते. भारनियमनाची वेळ टाळून बसावे हे उत्तम. तसे शक्य नसेल तर दहा-बारा बदलांनंतर एकदा बाहेर येऊन जतन करावे आणि पुन्हा आत जावे.

पुसणे झाले की हलवणे. सह्याद्रीवर येऊन Move दाबायचे, बाणाने किंवा आकडा टाकून पहिल्या जागी न्यायचे, ओके. इथे बॉक्सबॉक्समध्ये फरक आहे आणि तो पहिल्याच चालीत ओळखता येतो. समजा, पुसल्यानंतर सह्याद्री ४१ वर आले होते. ते १ वर नेल्यावर पूर्वी १ वर असलेले चॅनल कुठे गेले, ते पाहायचे. ते २ वर दिसले तर बॉक्स मधे घुसवतो आणि बाकीच्यांना खाली ढकलतो. ते थेट ४१ वर दिसले तर बॉक्स अदलाबदल करतो. घुसवणाऱ्या बॉक्समध्ये नेहमी वरून खाली यावे: आधी १, मग २, मग ३. उलट क्रमाने गेले तर प्रत्येक नवे चॅनल आधी लावलेल्यांना एक घर खाली रेटत राहते. अदलाबदल करणाऱ्या बॉक्समध्ये वरून येताना एक लक्षात ठेवावे लागते: ज्या जागेवर आपण हात टाकतो, तिथले चॅनल अनोळखी कोपऱ्यात जाऊन बसते. डीडी नॅशनल समजा आधीपासून १ वर होते आणि सह्याद्रीला तिथे नेले, तर नॅशनल ४१ वर शोधावे लागेल.

Sort हा पर्याय मोहात पाडणारा आहे. नावाने, ट्रान्सपाँडरने किंवा खुली-कुलूपबंद अशा वर्गवारीने तो क्षणात यादी लावतो. पण हाताने लावलेला क्रम तो विचारल्याशिवाय मोडतो. तेव्हा Sort वापरायचाच असेल तर तो Move च्या आधी, एकदाच. नावाने लावल्यावर DD ने सुरू होणारी सगळी चॅनले एका गठ्ठ्यात येतात, दुहेरी नोंदी एकाखाली एक दिसतात, आणि पुसायचे कामही सोपे होते. या एका कारणासाठी, पुसण्याच्याही आधी Sort करून घेणे शहाणपणाचे.

नाव बदलण्याचा खरा उपयोगही याच Sort शी जोडलेला आहे. Rename दाबले की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा तक्ता येतो. देवनागरीची सोय अशा स्वस्त बॉक्समध्ये क्वचितच मिळते. बाणाने एकेक अक्षर निवडत नाव लिहावे लागते, म्हणून दहाबारा चॅनलांपलीकडे कोणी जात नाही. काही बॉक्समध्ये Move फारच कटकटीचे असते, एकेक ओळ वर सरकवत न्यावे लागते. तिथे नावाचाच उपयोग करून घेता येतो. नावाने लावताना अंक अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे नावाच्या सुरुवातीला अंक घातला की चॅनल आपोआप डोक्यावर जाते:

```
01 SAHYADRI
02 DD NATIONAL
03 DD NEWS
10 CINEMA
```

यात सुरुवातीचे शून्य विसरून चालत नाही. बॉक्स हे अंक संख्या म्हणून वाचत नाही, अक्षरे म्हणून वाचतो. पहिल्या अक्षराची तुलना आधी होते, म्हणून नुसते 2 लिहिले तर ते 10 च्या खाली जाऊन पडते. दोन अंकी लिहायची सवय ठेवली की नव्याण्णव जागांपर्यंत गोंधळ होत नाही.

नाव बदलले म्हणून चॅनल बदलत नाही, हे सांगायची गरज वाटणार नाही. पण याचीच उलट बाजू अनेकांना चकवते. बॉक्सच्या स्मृतीत नोंद असते ती अमुक वारंवारता आणि अमुक सेवा-क्रमांक अशी. दिलेले नाव म्हणजे चाळीतल्या खोलीवर लावलेली पाटी. भाडेकरू बदलला तरी पाटी तशीच राहू शकते. फ्री डिशवर खासगी चॅनलांच्या जागांचा दरवर्षी ई-लिलाव होतो आणि वाटप साधारणपणे १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षासाठी असते. एप्रिल लागला की काही चॅनले जातात, काही येतात. गेलेल्या चॅनलचा सेवा-क्रमांक नव्या चॅनलला मिळाला, तर घरच्या यादीत ‘10 CINEMA’ या नावाखाली भक्तिगीते सुरू होतात. Info दाबल्यावर खालच्या पट्टीत दिसणारे नाव आणि चित्राच्या कोपऱ्यातला चॅनलचा शिक्का जुळत नसेल, तर शिक्का खरा धरावा. अशा वेळी ती नोंद पुसून पुन्हा सर्च करणे हाच सरळ उपाय.

आता लपवणे. Delete, Skip, Lock आणि Favourite या चारही सोयींनी चॅनल नजरेआड होते, पण प्रत्येकीचे नजरेआड करणे वेगळे आहे. Skip केलेले चॅनल यादीत आपल्या क्रमांकावर तसेच असते. फक्त वर-खाली बटणाने चॅनले फिरवताना बॉक्स त्यावर थांबत नाही. आकडा दाबला की ते लागते. त्याचा क्रमांक हलत नाही, म्हणून खालच्या कोणाचाही क्रमांक हलत नाही. पुढच्या सर्चमध्ये बॉक्सला ती नोंद आधीच सापडते, त्यामुळे खूणही बहुधा टिकते. पुसलेले चॅनल मात्र बॉक्सच्या लेखी कधी नव्हतेच, म्हणून पुढच्या सर्चला ते नव्याने सापडते आणि यादीच्या शेवटी परत येऊन बसते. दर एप्रिलला सर्च करणाऱ्या घरात शंभर चॅनले पुसणे म्हणजे दर एप्रिलला तीच शंभर पुन्हा पुसणे. म्हणून काळ्या पडद्याची चॅनले तेवढी पुसावीत आणि केवळ नकोशी असलेली Skip करावीत, हा मार्ग जास्त टिकाऊ आहे. आजींच्या रिमोटवर तर Skip चे सुख मोठे आहे: वरचे बटण दाबत राहिले की पंधरा ओळखीची चॅनले फिरून पुन्हा सह्याद्रीच येते.

Lock ची गोष्ट निराळी. कुलूप लावलेले चॅनल दिसते, पण पासवर्ड मागते. मुलांसाठी हे करायचे तर कारखान्यातला चार शून्यांचा पासवर्ड आधी बदलायला हवा, कारण तो मुलांना ठाऊक असतोच. आणि मेनूलाही कुलूप लावायला हवे. नाही तर Factory Reset केले की कुलपे, नावे, क्रम सगळे एका झटक्यात जाते, पुन्हा सर्च केला की सगळी चॅनले उघडी. या कुलपाची ताकद एवढीच आहे, हे माहीत असलेले बरे.

Favourite म्हणजे मूळ यादीला हात न लावता केलेले गट. बातम्या, सिनेमे, मुलांची चॅनले असे गट करता येतात, त्यांची नावेही बदलता येतात आणि एक चॅनल दोन गटांत राहू शकते. रिमोटवरचे FAV बटण दाबून गट निवडला की वर-खाली बटण त्या गटातच फिरते. घरात चार माणसांच्या चार आवडी असतील तर एकच क्रम सर्वांवर लादण्यापेक्षा हे चांगले.

मात्र ‘सगळी चॅनले उडाली’ या तक्रारीचे मूळही पुष्कळदा याच बटणात असते. चुकून FAV दाबले गेले आणि गटात पाचच चॅनले असली, तर यादीत पाचच दिसतात. तसेच TV/Radio या बटणाचे. ते दाबले गेले की पडद्यावर आकाशवाणीच्या केंद्रांची यादी येते, चित्र जाते आणि बॉक्स बिघडला असे वाटते. ओळखायची खूण सोपी आहे. यादी उघडल्यावर डोक्याशी काय लिहिले आहे ते वाचावे: All, गटाचे नाव, की Radio. सिग्नल खरोखर गेला असेल तर बॉक्स ‘No Signal’ असे म्हणतो. यादी लहान झाली म्हणजे सिग्नल गेला असे नव्हे. बाणाने पुन्हा All वर आले, किंवा TV/Radio एकदा दाबले, की सर्व जागच्या जागी असते. मेकॅनिकला बोलावून पैसे मोजण्याआधी ही दोन बटणे तपासावीत, आणि घाबरून Factory Reset तर मुळीच करू नये. लावलेली यादी खरोखर उडते ती त्यानेच.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएच किंवा केबलच्या बॉक्समध्ये यातले बरेचसे करता येत नाही. तिथे चॅनलचा क्रमांक कंपनीकडून प्रवाहाबरोबरच येतो आणि बॉक्स तो पाळतो. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनुसार एका प्रकारची चॅनले यादीत एकत्र ठेवावी लागतात आणि दिलेला क्रमांक किमान वर्षभर बदलता येत नाही. या बंधनाचा ग्राहकाला फायदाच आहे: शेजाऱ्याने सांगितलेला क्रमांक आपल्याकडेही लागतो. अशा बॉक्समध्ये फेव्हरिट आणि कुलूप एवढ्यावरच भागवावे लागते.

छत्री किंवा अँटेनाची तार थेट टीव्हीलाच जोडलेली असेल, तर काम टीव्हीच्या मेनूत करायचे. तत्त्वे हीच, पण दोन अडथळे वेगळे येतात. क्रम बदलण्याचा पर्याय करडा दिसतो आणि दाबला जात नाही, तेव्हा बहुधा क्रमांक आपोआप देण्याची सोय चालू असते, मेनूत तिला LCN किंवा Automatic Numbering म्हणतात. ती बंद केली की Edit उघडते. काही टीव्हींत त्यानंतर पुन्हा सर्च करावा लागतो. दुसरा अडथळा रात्रीचा. टीव्ही बंद असताना काही संच स्वतःहून चॅनले ताजी करतात आणि लावलेला क्रम सकाळी विस्कटलेला मिळतो. Auto Update अशा नावाची ही सोय यादी लावण्याआधीच बंद करावी.

शेवटचे काम प्रत काढण्याचे. बॉक्सच्या मागे किंवा पुढे पेन ड्राइव्हचे भोक असते आणि मेनूत Backup अशी ओळ. तिथून चॅनलांची यादी, क्रम, नावे आणि खुणा एका फाइलमध्ये उतरतात. पेन ड्राइव्ह FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. एलजीच्या अनेक टीव्हींतून अशीच GlobalClone00001.TLL नावाची फाइल मिळते. ChanSort हा मोफत प्रोग्राम ती आणि इतर अनेक कंपन्यांच्या याद्या संगणकावर उघडतो. शंभर चॅनले रिमोटने हलवण्यापेक्षा माउसने ओढणे कितीतरी सोपे. त्यात एक पथ्य आहे: बदललेली फाइल टीव्हीत भरण्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी.

बॉक्सच्या फाइलबद्दल मात्र सावध राहावे. काही बॉक्समध्ये Backup ने नुसती यादी न उतरता बॉक्सचे पूर्ण सॉफ्टवेअर उतरते. पडद्यावर User Data, Database, All असे पर्याय दिसले तर पहिले दोन यादीचे असतात, All मध्ये सॉफ्टवेअरही येते. पाहुण्यांच्या बॉक्समधली चांगली लावलेली यादी आपल्या बॉक्समध्ये भरायचा मोह होतो, पण दोन्ही बॉक्सचे मॉडेल आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती-क्रमांक तंतोतंत एक असेल तरच ते करावे. Information च्या पानावर हे दोन्ही दिसतात. बाहेरून सारखे दिसणारे दोन बॉक्स आतून वेगळ्या चिपचे असू शकतात, आणि दुसऱ्या चिपची All फाइल भरली तर बॉक्स ‘boot’ किंवा ‘load’ एवढी अक्षरे दाखवून तिथेच अडकतो. मग रिमोटने त्यातून बाहेर काढता येत नाही.